फोटोतल्या उताऱ्यावरचं क्षेत्र एका मापात कसं आणायचं: एकर, गुंठा आणि आर

उताऱ्याच्या फोटोत क्षेत्राच्या रकान्यात ‘२.५’ लिहिलेलं दिसतं. मापाचं नाव दिसत नाही, कारण फोटो काढणाऱ्याने रकान्याचा माथा कापलाय. हे अडीच एकर असू शकतं, दोन एकर पाच गुंठे असू शकतं, किंवा अडीच हेक्टरही असू शकतं. अडीच एकर म्हणजे १०० गुंठे आणि दोन एकर पाच गुंठे म्हणजे ८५ गुंठे, म्हणजे नुसत्या एका टिंबाने १५ गुंठ्यांचा फरक पडतो. हेक्टर धरलं तर तोच आकडा जवळजवळ २४७ गुंठे होतो.

मी घरच्यांची आणि शेजारपाजारच्यांची जुनी कागदपत्रं लावून देतो. माझ्या अनुभवात गुणाकार चुकल्यामुळे घोळ झालेला फारसा पाहिला नाही. घोळ होतो तो आकडा वाचताना. म्हणून या लेखातला बराचसा भाग वाचण्यावर आहे. महाराष्ट्रातले सातबारा, फेरफार आणि खरेदीखतं यांच्यापुरतंच मी बोलतोय.

आधी मापं, पण थोडक्यात

जुन्या नोंदी एकर, गुंठा आणि आणा या मापांत आहेत. मुंबई इलाख्यातल्या जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची होती आणि तिचे १६ आणे पाडलेले असत. त्या साखळीचा एक चौरस, म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा, हा एक गुंठा. म्हणून गुंठा १०८९ चौरस फुटांचा. असे ४० गुंठे म्हणजे एकर, आणि गुंठ्याचा सोळावा भाग म्हणजे आणा. ही तीन मापं एकमेकांत बरोबर बसतात, कुठेही अपूर्णांक उरत नाही.

नव्या नोंदी हेक्टर, आर आणि चौरस मीटर यांत आहेत. १०० चौरस मीटरचा एक आर आणि १०० आरांचा एक हेक्टर. ही मापंही आपापसांत नेटकी बसतात.

अडचण येते या दोन घरांच्या मध्ये. गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा आहे आणि आर १०० चौरस मीटरचा. दोन्ही इतके जवळ आहेत की बोलताना लोक सर्रास आराला गुंठा म्हणतात. ‘चाळीस आर म्हणजे एकर’ हे वाक्य तुम्ही नक्की ऐकलं असेल. खरं तर एकर ४०.४७ आरांचा आहे. शेताच्या बांधावर गप्पा मारताना हा फरक चालतो. वाटणीचा हिशेब करताना तो तसाच सोडला तर पुढे कुणीतरी ‘आमची जमीन कमी कशी झाली’ म्हणून उभं राहतं.

सगळं कशात आणायचं

माझं मत स्पष्ट आहे: सगळं चौरस मीटरमध्ये आणा. एकरात आणलं की दशांश येतो आणि मग ३.५६ एकर हे तीन एकर छप्पन्न गुंठे म्हणून वाचणारा माणूस भेटतोच. हेक्टरात आणलं तर १.४ आणि १.०४ यांत गल्लत होते. चौरस मीटरमध्ये १४४०० हा सरळ पूर्ण आकडा असतो, त्यात टिंबच नाही, त्यामुळे ते चुकीचं वाचायला जागा उरत नाही. घरातल्या मोठ्यांना सांगताना शेवटी गुंठ्यांत उलटं फिरवून सांगा, पण वहीत मूळ ठेवा ते चौरस मीटरच.

फोटो वाचणं

पहिलं काम: रकान्याचा माथा दिसतो का ते बघा. नव्या संगणकीकृत सातबाऱ्यावर क्षेत्राचं एकक छापलेलं असतं. शेतजमिनीला ‘हे.आर.चौ.मी’ आणि बिनशेतीला ‘आर.चौ.मी’. हा फरक साधा वाटतो पण जपून, कारण बिनशेतीच्या उताऱ्यावरचा पहिला आकडा हेक्टर नसून आर असतो. माथा कापलेला असेल तर ज्याने फोटो पाठवला त्याच्याकडून पूर्ण पानाचा फोटो परत मागवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार असतील तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर फोटो दाबून लहान होतो आणि बारीक अक्षर पुसट होतं.

माथा मिळणारच नसेल, म्हणजे मूळ कागद फाटलाय वगैरे, तर आकड्यांनाच विचारा. एकर-गुंठे-आणे लिहिलेलं असेल तर मधला आकडा ३९ च्या पुढे जाऊच शकत नाही, कारण ४० गुंठे झाले की एकर वाढतो. शेवटचा आकडा १५ च्या पुढे जाऊ शकत नाही, कारण १६ आणे झाले की गुंठा वाढतो. म्हणून त्या पानावर एका जरी ओळीत मधला आकडा ४४ किंवा ७२ दिसला, किंवा शेवटचा ४८ दिसला, तर ते पान हेक्टर-आरचं आहे. एका ओळीवरून कळलं नाही तर संपूर्ण पान बघा, एकाच पानावर दोन मापं सहसा मिसळत नाहीत. सगळेच आकडे लहान असले तर मात्र ही खूण चालत नाही. तेव्हा त्याच जमिनीचा दुसरा कागद शोधायचा: एकरातला आकडा हेक्टरातल्या आकड्याच्या साधारण अडीचपट, नेमकं सांगायचं तर २.४७ पट असतो.

दुसरं काम म्हणजे अंक ओळखणं. हस्तलिखित पानावर १ आणि ९ यांची गल्लत सगळ्यात जास्त होते, कारण काही जण मराठी १ ची शेपटी लांब ओढतात आणि काही जण त्याच पानावर मधूनच इंग्रजी अंक लिहितात. मराठी १ आणि इंग्रजी नऊ फोटोत जुळ्यासारखे दिसतात. त्याखालोखाल ४ आणि ५. शून्यही कधी नुसत्या ठिपक्याएवढं काढलेलं असतं, मग ते शून्य की दोन आकड्यांमधलं टिंब हे कळत नाही. यावर उपाय एकच: त्याच हातचा तोच अंक त्या पानावर दुसरीकडे शोधायचा. तारखेत किंवा गट नंबरात तो बहुतेक सापडतो, आणि तिथे तो कोणता आहे हे आपल्याला आधीच माहीत असतं.

जुन्या कागदांवर अजून एक खूण भेटते. ३। म्हणजे सव्वातीन, ३॥ म्हणजे साडेतीन, ३॥। म्हणजे पावणेचार. उभ्या दांड्यांची सवय नसलेला माणूस ३॥ ला सरळ तीनशे अकरा वाचतो. नुसत्या गुंठ्यांत लिहिलेल्या क्षेत्रात असा मोठा आकडा दिसला की दांड्या आठवा.

तिसरं काम: कोणत्या ओळी जिवंत आहेत ते ठरवा. सातबाऱ्यावर फेरफाराने कमी झालेलं नाव पुसत नाहीत. जुन्या पानांवर ते कंसात घातलेलं असतं, संगणकीकृत उताऱ्यावर त्यावर आडवी रेघ असते. अशा नावापुढचं क्षेत्र बेरजेत धरायचं नाही. फोटो तिरपा किंवा अंधारा असेल तर ही बारीक रेघ दिसत नाही आणि एकच जमीन दोनदा मोजली जाते. शिवाय क्षेत्राला लागूनच ‘आकार’ हा रकाना असतो. तो रुपये-पैशांतला शेतसारा असतो, क्षेत्र नव्हे. कागद घडी पडून सरकला असेल तर ‘३.२५’ हा आकार क्षेत्राच्या ओळीत आल्यासारखा दिसतो. फोटोवर ओळीच्या खाली पट्टी किंवा दुसऱ्या कागदाची कड धरून नाव ते आकडा असं एका रेषेत वाचा.

एक प्रकरण, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

एका घरातून माझ्याकडे तीन फोटो आले. एक जुन्या फेरफाराचा, एक आजच्या सातबाऱ्याचा, एक खरेदीखताच्या पानाचा. त्यांचा प्रश्न असा होता की जमीन आजोबांच्या वेळेपेक्षा वाढली कशी.

फेरफारावर क्षेत्र होतं ३-२२-८. मधला २२ आणि शेवटचा ८, म्हणजे आकड्यांवरून दोन्ही शक्यता होत्या. पण त्याच पानावरच्या सगळ्या ओळींत मधला आकडा ३९ च्या आत आणि शेवटचा १५ च्या आत होता, आणि माथ्यावर अर्धवट ‘ए. गुं.’ वाचता येत होतं. म्हणजे तीन एकर, बावीस गुंठे, आठ आणे. घरातले आजोबा फोनवर ऐकत होते, ते लगेच म्हणाले, “आठ आणे म्हणजे अर्धा गुंठा की रे.” बरोबर. तीन एकरांचे १२० गुंठे, त्यात २२, त्यात अर्धा: एकूण १४२.५ गुंठे. त्याला १०१.१७१४ ने गुणलं की १४,४१७ चौरस मीटर.

सातबाऱ्यावर एकूण क्षेत्र १.४४.०० होतं. इथे एकक छापलेलं होतं, म्हणून एक हेक्टर, ४४ आर, शून्य चौरस मीटर. म्हणजे १४,४०० चौरस मीटर.

आता वाढ कुठून आली ते दिसतं. घरातल्या मुलाने १४४ आर हे १४४ गुंठे धरले होते आणि त्यातून १४२.५ वजा करून ‘दीड गुंठा वाढला’ असं सांगितलं होतं. एका मापात आणल्यावर नवी नोंद जुनीपेक्षा १७ चौरस मीटरने कमी आहे, जास्त नाही. हे १७ मीटर कुठे गेले, याचंही उत्तर सोपं आहे. जुनं क्षेत्र मेट्रिकमध्ये बदलताना आरांच्या पूर्ण आकड्यावर आणलं आणि खालचे मीटर सोडून दिले. फरक एका आरापेक्षा कमी असेल तर पहिली शंका या पूर्णांकाचीच घ्यावी.

पुढे खातेदारांची बेरीज. सातबाऱ्यावर लागवडीयोग्य क्षेत्र १.३६.०० आणि पोटखराब, म्हणजे लागवडीला न येणारं क्षेत्र, ०.०८.०० होतं, दोन्ही मिळून १.४४.००. ही पहिली पडताळणी, ती जुळली. खातेदार तीन. पोटखराब वेगळं असतं हे न पाहता नुसती लागवडीची बेरीज एकूण क्षेत्राशी लावली तर ८ आरांची तूट दिसते आणि माणूस उगाच घाबरतो.

मी फोटोवरून तिघांचं लागवडीचं क्षेत्र उतरवलं: ०.६८, ०.३५, ०.३४. बेरीज १.३७ आली, पाहिजे होती १.३६. एका आराने जास्त. इथे एक युक्ती मला फार उपयोगी पडते. १ आणि ९ ची गल्लत झाली असेल तर बेरीज ८ ने, किंवा डावीकडच्या घरात झाली असेल तर ८० ने, चुकते. ४ आणि ५ ची गल्लत असेल तर १ ने किंवा १० ने चुकते. फरक एकाचा होता, म्हणून मी ४ आणि ५ असलेले आकडेच परत पाहिले. दुसऱ्या ओळीतून कागदाची घडी गेली होती आणि घडीच्या सावलीने ४ चा ५ झाला होता. फोटो मोठा केल्यावर ०.३४ स्पष्ट दिसलं. बेरीज जुळली. पोटखराबाचे ०.०४, ०.०२, ०.०२ आधीच जुळत होते.

राहिलं खरेदीखत. तिसऱ्या खातेदाराने आपला हिस्सा विकत घेतला होता. खतात अक्षरी लिहिलं होतं ‘क्षेत्र छत्तीस गुंठे, पोटखराबासह’. सातबाऱ्यावर त्याचं लागवडीचं ०.३४ आणि पोटखराब ०.०२, मिळून ०.३६. घरच्यांना वाटलं जुळलं. पण खतातले ३६ गुंठे म्हणजे ३,६४२ चौरस मीटर आणि उताऱ्यावरचे ३६ आर म्हणजे ३,६०० चौरस मीटर. फरक ४२ चौरस मीटरचा, म्हणजे सुमारे ४५४ चौरस फूट. हा फरक पूर्णांकाचा असू शकतो, किंवा नोंद घेताना गुंठ्याचा सरळ आर झाला असेल, नुसत्या आकड्यांवरून ते कळत नाही. अशा ठिकाणी कोणता आकडा खरा हे हिशेब करणाऱ्याने ठरवू नये. दोन्ही जसेच्या तसे लिहावेत, शेजारी फरक लिहावा आणि खरेदीच्या फेरफाराचं पान काढून नोंद घेताना काय लिहिलं होतं ते बघावं. त्या घराला मी हेच सांगितलं.

कोष्टकात घालताना

कागदावर केलंत तर उत्तमच. पण ओळी दहा-वीस झाल्या की संगणकावरचं कोष्टक बरं पडतं, आणि तिथे स्वतःचे वेगळे धोके आहेत. क्षेत्र एका चौकटीत ‘3-22’ असं टाइप केलं तर कोष्टक त्याची तारीख करून टाकतं. ‘1.40’ टाइप केलं तर शेवटचं शून्य गळून ‘1.4’ उरतं, आणि महिन्याभराने तेच पाहणारा माणूस ते एक हेक्टर चार आर वाचतो. देवनागरी अंक टाइप केले तर बहुतेक वेळा ते मजकूर म्हणून धरले जातात आणि बेरीज होत नाही. म्हणून क्षेत्राचे तीन भाग तीन वेगळ्या चौकटींत, इंग्रजी अंकांत भरा. एकर, गुंठे, आणे A, B, C मध्ये असतील तर चौरस मीटर असे काढायचे:

```
=ROUND((A2*40+B2+C2/16)*101.1714,0)
```

हेक्टर, आर, चौरस मीटर त्याच तीन चौकटींत असतील तर:

```
=A2*10000+B2*100+C2
```

दोन्ही प्रकारच्या ओळी एकाच पानावर मिसळू नका, दोन पानं करा. तपासायला एक एकर भरून बघा, म्हणजे 1, 0, 0. उत्तर 4047 आलं पाहिजे. चौरस मीटर D मध्ये असतील तर गुंठ्यांत उलटं आणायला:

```
=ROUND(D2/101.1714,2)
```

वरच्या सातबाऱ्याचे १४,४०० चौरस मीटर असे फिरवले की १४२.३३ गुंठे येतात. त्यातले १२० म्हणजे तीन एकर, उरले २२.३३ गुंठे. हे सांगताना ‘तीन एकर बावीस गुंठे आणि वर थोडं’ असंच सांगा, ३.२२ असं लिहून देऊ नका.

प्रत्येक ओळीपुढे अजून दोन चौकटी ठेवा: एकीत फोटोत अक्षर न अक्षर जसं दिसतं तसं, ‘३-२२-८’ असं मजकूर म्हणून, आणि दुसरीत फोटोच्या फाइलचं नाव. सुरुवातीला मी हे करत नसे. एकदा एका मोठ्या कुटुंबाची यादी मी थेट चौरस मीटरमध्ये उतरवली, आणि एक ओळ चुकीची वाचल्याचं कळल्यावर कोणत्या फोटोतली कोणती ओळ हे शोधायला मला सगळे फोटो पहिल्यापासून बघावे लागले. बदललेल्या आकड्यावरून मूळ कसं लिहिलं होतं हे परत कळत नाही, १४,४१७ पाहून कागदावर ‘३-२२-८’ लिहिलं होतं की ‘१४२॥ गुंठे’ हे कुणी सांगू शकत नाही.

हिशेब बरोबर असूनही जुळत नसेल तर

सगळं एका मापात आणलं, अंक दोनदा तपासले, तरी जुन्या आणि नव्या नोंदीत काही आरांचा किंवा त्याहून मोठा फरक राहत असेल, तर पुन्हा पुन्हा गुणाकार करण्यात अर्थ नाही. आधी बघा की दोन्ही कागद त्याच जमिनीचे आहेत का. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली अनेक गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. तिथे जुन्या एका सर्व्हे नंबरचं क्षेत्र आजच्या एका गटाशी लावणं चुकीचं ठरतं, कारण एका गटात दोन-तीन सर्व्हे नंबरांचे तुकडे असू शकतात. नंबर तेच असेल तर मधल्या काळात एखादा हिस्सा विकला गेला का, रस्त्याला किंवा कालव्याला जमीन गेली का, हे फेरफारांच्या ओळीतून कळतं. सातबाऱ्यावरचं एकूण क्षेत्र आकारबंदाशीही, म्हणजे गावातल्या प्रत्येक नंबराचं क्षेत्र आणि आकार लिहिलेल्या नोंदीशीही, लावून बघावं, तो भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो.

आणि तुमचा आकडा कितीही नेटका असला तरी तो कागदावरच्या क्षेत्राचा आहे. बांधापासून बांधापर्यंत प्रत्यक्ष किती जमीन भरते हे सरकारी मोजणीनेच कळतं. मोजणीच्या अर्जाला जोडायला मात्र तुमची ही यादी कामाला येते, शेजारी मूळ मजकूर आणि फोटोचं नाव असलेली.